‘मुलगीच मानतो’ हे वाक्य खोडताना

सहा वर्षांपूर्वी, मुलाच्या लग्नाला तीन महिने असताना, मी होणाऱ्या सुनेला पत्र लिहिलं. पहिला खर्डा एका बैठकीत झाला, साडेतीन पानं. वाचताना माझेच डोळे भरून आले, आणि खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

मुलीला वाचायला दिलं. तिने शांतपणे वाचलं, परत केलं आणि विचारलं, “आई, यात ती कुठे आहे?”

मला राग आला. सगळं पत्र तिलाच तर लिहिलं होतं! पण मुलगी खोलीतून गेल्यावर मी पेन्सिल घेऊन बसले आणि वाक्यं मोजली. एकूण ३४. त्यातली १९ माझ्याबद्दल किंवा आमच्याबद्दल: आम्हाला किती आनंद झाला, आम्ही किती साधी माणसं आहोत, मी किती वाट पाहिली. ९ मुलाबद्दल. उरली ६, ती तिच्याबद्दल, आणि त्या सहापैकी पाच वाक्यांचं क्रियापद ‘-शील’ने संपत होतं. तू त्याला सांभाळून घेशीलच. तू सगळ्यांना आपलंसं करशील. घराला घरपण आणशील.

मराठीत या ‘-शील’ला वरून भविष्यकाळाचं रूप असतं. विश्वास टाकल्यासारखं वाटतं. आत मात्र आज्ञा असते, आणि शेवटी ‘च’ लागला की आज्ञेला मुदतही पडते. ‘सांभाळून घेशीलच’ असं वाचणाऱ्या मुलीपुढे दोनच वाटा उरतात: सांभाळून घेणं, नाहीतर आमचा विश्वास मोडणं. स्वागत म्हणून मी तिच्या हातात कामांची यादी दिली होती, फक्त अक्षर सुंदर होतं.

माझ्यासारखी पत्रं पुष्कळ जणी लिहितात. आता तर ती पत्रं समारंभात वाचून दाखवतात, फोटोखाली छापतात. म्हणून हा माझ्या घरापुरता विषय मला वाटत नाही. येणाऱ्या मुलीचं स्वागत कोणत्या शब्दांत करायचं याचा एक ठरलेला साचा आपल्याकडे तयार झाला आहे, आणि त्याच्या मधोमध एक वाक्य बसलं आहे: ‘तू आम्हाला सून नाहीस, मुलगीच आहेस.’ माझ्या खर्ड्यातही ते होतं, पहिल्याच परिच्छेदात. हे वाक्य स्वागतपत्रातून काढून टाकावं असं माझं मत आहे. ते खोटं असतं असं नव्हे. माझं खोटं नव्हतं. पण लिहिणारी ते वचन पाळू शकत नाही, आणि मोडलं की खापर वाचणारीवर फुटतं.

माझी मुलगी मला “आई, आता गप्प बस” असं म्हणते. संध्याकाळपर्यंत मी ते विसरलेली असते. विसरते, कारण त्या चार शब्दांमागे तीसेक वर्षांचा हिशेब आहे: रात्री जागून काढलेले ताप, आदळलेली दारं, परत उघडलेली दारं, न मागता केलेली माफी. आमच्या खात्यात इतकं जमा आहे की चार शब्दांनी काही कमी होत नाही. हेच शब्द नवी आलेली मुलगी बोलली तर? मी दहा वर्षं विसरणार नाही. मी वाईट बाई आहे म्हणून नव्हे, तिच्या-माझ्या खात्यात अजून काहीच जमलेलं नाही म्हणून. ‘मुलगीच आहेस’ म्हणताना आपण तिला न जमलेल्या रकमेचा धनादेश देतो. ती तो वटवायला गेली की कळतं. आणि मग घराघरांत ऐकू येणारं दुसरं वाक्य येतं: “आम्ही मुलीसारखं वागवलं, तरी…” त्या ‘तरी’साठी लागणारा पुरावा पहिल्या वाक्यात तयार करून ठेवलेला असतो.

शिवाय तिला आई आहे. हे इतकं साधं आहे की लिहायलाही संकोच वाटतो, पण माझ्या साडेतीन पानांत तिच्या आईचा उल्लेख एकदाही नव्हता.

इथे एका अभ्यासाबद्दल सांगायला हवं, कारण तो वाचल्यावर माझा खर्डा खऱ्या अर्थाने फाटला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९८६ साली नुकतंच लग्न झालेल्या ३७३ जोडप्यांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात झाली आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ त्यांचा माग ठेवला गेला; हा अभ्यास पुढे टेरी ऑर्बुक यांनी चालवला. अगदी सुरुवातीला नवऱ्यांना आणि बायकांना वेगवेगळं विचारलं होतं: सासू-सासऱ्यांशी तुमची जवळीक किती? वर्षांनंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं ते असं. नवरा सुरुवातीपासून बायकोच्या आईवडिलांशी जवळ असेल, तर त्या जोडप्यात घटस्फोटाची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी कमी. बायको नवऱ्याच्या आईवडिलांशी सुरुवातीपासून जवळ असेल, तर तीच शक्यता सुमारे २० टक्क्यांनी जास्त.

दुसरा आकडा मी तीनदा वाचला. आपण ज्याला आदर्श मानतो, म्हणजे आल्या दिवसापासून सून सासूच्या गळ्यात गळा घालून, तेच इथे धोक्याच्या बाजूला उभं होतं. ऑर्बुक यांनी लावलेला अर्थ मला पटतो. बायका नात्यांत स्वतःला फार गुंतवतात. जवळीक झाली की सासूचं साधं बोलणंही, ‘तू असं का करत नाहीस’, हे बायको म्हणून, आई म्हणून आपल्यावर दिलेला शेरा वाटतं. आणि जिच्याशी एवढी जवळीक, तिला ‘इथे थांबा’ कसं म्हणायचं? पुरुष ते बोलणं इतकं मनाला लावून घेत नाहीत.

हा अभ्यास एका देशातला, एका पिढीचा आहे, आणि दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. त्यातून ‘सुनेला लांब ठेवा’ असा निष्कर्ष काढणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. मी त्यातून एवढंच घेतलं की जवळीक किती, याइतकाच ती कुणाच्या वेगाने वाढते हाही प्रश्न आहे. आणि वेग ठरवण्याची ताकद पहिल्या दिवशी दोघींकडे सारखी नसते. घर माझं, माणसं माझी, भिंतीवरचे फोटो माझे. मी पुढे सरकले तर तिला मागे सरकायला जागा नाही. म्हणून घाई न करणं हे माझ्याकडूनच यायला हवं, आणि ते स्पष्ट लिहिलेलं हवं. मनात ठेवलेली सबुरी समोरच्याला दिसत नाही, तिला ती तुटकपणासारखीच दिसते.

मग मी पुन्हा लिहिलं. चार खर्डे झाले. शेवटचा दीड पानाचा होता. तो इथे देते, एखाद-दुसरी खासगी ओळ गाळून. ‘तू’ लिहिलं आहे, कारण पहिल्या भेटीतच तिने “मला तू म्हणा” असं सांगितलं होतं. तिने सांगितलं नसतं तर मी विचारलं असतं.

“हे पत्र वाचायला घाई नाही आणि उत्तराची अपेक्षा नाही. भेटू तेव्हा याचा विषय मी काढणार नाही. तुला काढावासा वाटला तर मला आवडेल.

तू पहिल्यांदा घरी आलीस त्या दिवशीची एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. याच्या आजोबांनी तासाभरात तीच हकीकत दुसऱ्यांदा सांगायला घेतली. आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. तू मात्र ऐकत राहिलीस, आणि दुसऱ्या वेळी वेगळाच प्रश्न विचारलास. त्या प्रश्नामुळे त्यांनी आम्ही कधीच न ऐकलेला भाग सांगितला. आमच्या घरात त्या हकीकतीला कितीतरी वर्षांत कुणी प्रश्न विचारला नव्हता. तू मला आवडलीस ती तेव्हा. बाकीची ओळख व्हायची आहे, तुझी मला आणि माझी तुला. ती तिच्या चालीने होऊ दे.

आमच्या घराबद्दल थोडं सांगते. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, कारण आम्हाला ते दिसतच नाही. भांडण झालं की आमच्याकडे कुणी माफी मागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे काही घडलंच नाही असे वागतात. तुमच्याकडे बोलून मिटवत असतील तर तुला हे फार थंड वाटेल. ते थंड नसतं, पण चांगलंही नसतं, हे मला आता कळतं. याचे बाबा प्रश्न विचारतात तेव्हा चौकशी बसल्यासारखं वाटतं. ‘नंतर सांगते’ म्हटलं की ते सोडून देतात, आम्ही सगळे तेच करतो. मी सकाळी फारशी बोलत नाही. माझा चेहरा पाहून आपलं काही चुकलं का, असं तुला वाटेल. तसं नसतं. ती सकाळ असते, एवढंच.

मला काय हाक मारायची ते तू ठरव, आणि आत्ताच ठरवायला हवं असं नाही. तुला आई आहे. त्यांच्याशी मी बोलले तेव्हा तुझं हसणं कुठून आलं ते कळलं.

तुम्हा दोघांत वाद होतील. तो माझ्याकडे आला तर मी ऐकेन, पण निवाडा देणार नाही. तू काय म्हणालीस, काय केलंस, हे मी त्याला विचारणार नाही. मला तुझी खुशाली हवी असेल तर मी तुलाच फोन करेन.

आतापर्यंत मी ‘आमचं घर’ असं लिहीत आले, कारण आज ते तसंच आहे. आपलं घर कसं असेल ते अजून आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. मला त्याची उत्सुकता आहे.

कधीही काही वाटलं तर मला मोकळेपणाने सांग.”

खाली फक्त माझं नाव लिहिलं.

यातल्या ‘आमचं’ आणि ‘आपलं’वर मी एक अख्खी दुपार घालवली. मराठीने आपल्याला इथे एक सोय दिली आहे जी इंग्रजीत नाही: ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारं ‘आम्ही’ वेगळं, आणि आत घेणारं ‘आपण’ वेगळं. ‘आमच्या घरात तुझं स्वागत’ असं आपण सहज लिहून जातो आणि स्वागत करता करताच तिला उंबऱ्याबाहेर उभं करतो. पहिल्या खर्ड्यात मी हे टाळायला सगळीकडे ‘आपलं’ केलं होतं. मग मुलगी म्हणाली, “ज्या घरात ती दोनदा आली आहे ते तिचं कसं झालं? तिला विचारलंस?” दोन्ही बाजूंनी अडचण. शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं. आज ‘आमचं’ आहे, ‘आपलं’ व्हायचं आहे, आणि ते कसं होईल हे मी एकटी ठरवणार नाही.

काय गाळलं तेही सांगायला हवं. तिच्या दिसण्याबद्दल एक शब्द नाही. तिच्या कामसूपणाचं कौतुक नाही, कारण ज्या गुणाचा फायदा आपल्याला होणार आहे त्याचं कौतुक मागणीसारखं ऐकू येतं. मुलांबाळांचा विषय नाही. तिच्या नोकरीबद्दल ‘आमची काही हरकत नाही’ असंही नाही. हरकत घेण्याचा हक्क मला होता असं त्यातून निघतं. आणि मुलाच्या बालपणीचे किस्से नाहीत. एक गमतीचा किस्सा होता, तो मी त्याला विचारून टाकणार होते. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “तो मला सांगू दे.” बरोबर होतं त्याचं. त्याच्या सगळ्या गोष्टी मीच सांगून टाकल्या तर त्याने तिला काय सांगायचं?

पत्र लग्नाच्या सात आठवडे आधी पाठवलं. त्या दिवशीच्या गडबडीत असं पत्र देणं म्हणजे तिला सगळ्यांसमोर रडायला लावणं. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं नाही. जे पत्र दहा जण वाचणार असतात ते त्या दहा जणांसाठी लिहिलं जातं.

माझ्या थोरल्या बहिणीला हे सगळं पटलं नव्हतं. ती म्हणाली, “मला असं पत्र आलं असतं ना, तर मला वाटलं असतं की मी यांना नकोच आहे. सासू म्हणते घाई नाही, हाक मारली नाही तरी चालेल, उत्तरही नको. अगं, माणसाला कुणीतरी ओढून घ्यावं असंही वाटतं.” हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. काही मुलींना खरंच ओढून घेतलेलं हवं असतं, विशेषतः ज्यांच्या स्वतःच्या घरात कुणी ओढून घेतलं नाही त्यांना. मोकळीक देणारं पत्र कोरडं होऊ शकतं, आणि माझा दुसरा खर्डा तसा झालाही होता. एखाद्या कार्यालयाने नियम कळवावेत तसा. त्यात ऊब आली ती आजोबांच्या हकीकतीने. मी तुला पाहिलं आहे, तुझ्या एका वागण्याकडे नीट लक्ष दिलं आहे, हे दाखवणारी एक तरी ओळ नसेल, तर ‘घाई नाही’ म्हणण्याचा अधिकार पत्राला मिळत नाही. ती ओळ दुसऱ्या कुणाही मुलीला लिहिता येईल अशी असली तर ती नसल्यात जमा. ‘तू समजूतदार आहेस’ हे कुणालाही लिहिता येतं.

आणि किंमत मोजावी लागते. मला काय हाक मारायची ते तू ठरव, असं ऐटीत लिहून बसले. तिने जवळजवळ दोन वर्षं मला कशानेच हाक मारली नाही. “ऐका ना,” म्हणून सुरुवात करायची. दुसऱ्या खोलीत असले तर खोलीपर्यंत चालत यायची आणि मग बोलायची. मला ते लागायचं. बहिणीने एकदा “मग, मिळालं का नाव?” असं विचारलं, तेव्हा तिच्याशी मी आठवडाभर नीट बोलले नाही.

दुसरा नेहमीचा आक्षेप असा की पत्राने काय होतं, शेवटी वागणंच महत्त्वाचं. हे म्हणणाऱ्यांना मी लग्नानंतर दीड वर्षाने घडलेला प्रसंग सांगते. दोन-तीन आठवडे तिचा फोन नव्हता. मी मुलाला विचारलं, “हल्ली तिचं काय चाललंय? फोन नसतो.” चार दिवसांनी पुन्हा विचारलं. पुढच्या भेटीत आम्ही दोघीच असताना ती म्हणाली, आवाज न चढवता, “तुम्ही पत्रात लिहिलं होतंत की त्याला विचारणार नाही. मला विचाराल.”

कानाच्या पाळ्या तापल्या. पहिला विचार हाच आला की पत्र काय पुरावा म्हणून जपून ठेवलंय का? दुसरा विचार यायला रात्र जावी लागली: हो, आणि त्यासाठीच ते लिहिलं होतं. पत्र नसतं तर ती काय म्हणाली असती? नव्या सुनेने सासूला ‘माझ्याबद्दल मुलाकडे चौकशी करू नका’ असं सांगणं म्हणजे भांडण. ती गप्प बसली असती, नवऱ्यावर चिडली असती, तो मध्ये सापडला असता. पत्रामुळे तिला नवीन काही मागावं लागलं नाही, मीच दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यावी लागली. सासूला लगाम घालण्याची सोय सासूनेच करून ठेवलेली असली की सुनेला ते उद्धट न होता करता येतं. वागणं महत्त्वाचं आहेच, पण वागणं घसरतं तेव्हा कुठे परत यायचं ते आधी लिहून ठेवलेलं असलं तर सापडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला आणि “काल तू म्हणालीस ते बरोबर होतं, चुकलं माझं,” असं म्हटलं. आमच्याकडे भांडणानंतर माफी मागत नाहीत, हे मीच तिला लिहून कळवलं होतं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग कामातला काही तरी ताण होता त्याबद्दल सांगत बसली, बराच वेळ.

ते पत्र आज लिहायचं असतं तर मी त्यातलं एक वाक्य काढलं असतं, शेवटचं. ‘कधीही काही वाटलं तर मला मोकळेपणाने सांग.’ चार खर्ड्यांतून ते सुटलं, कारण ते इतकं प्रेमळ दिसतं. पण त्यात सगळं काम तिच्याकडे आहे: वाटायचं तिला, धीर करायचा तिने, शब्द शोधायचे तिने, आणि मी आपली ऐकायला तयार बसलेली. दीड वर्षाने तिला तेच करावं लागलं. त्या जागी आता मी असं लिहिलं असतं: ‘कसं चाललंय ते अधूनमधून मी तुला विचारेन. आत्ता नको, असं उत्तर दिलंस तरी चालेल, आणि मी पुन्हा विचारेन.’